सच्चा की लबाड? गृहीत धरा, विसंगती शोधा

एका बेटावर दोनच प्रकारची माणसं राहतात. सच्चा माणूस प्रत्येक वेळी खरंच बोलतो, लबाड माणूस प्रत्येक वेळी खोटंच बोलतो. दिसायला सगळी सारखीच, पण बेटावरच्या प्रत्येकाला बाकीचे कोणत्या प्रकारचे आहेत हे ठाऊक असतं. दोघं-तिघं समोर येतात, एकेक वाक्य बोलतात, आणि तेवढ्यावरून कोण सच्चा आणि कोण लबाड हे आपण ठरवायचं. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांच्या १९७८ सालच्या कोड्यांच्या पुस्तकाने ही कोडी फार लोकप्रिय केली. स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमतेच्या प्रश्नांतही त्यांची भावंडं भेटतात.

ही कोडी सोडवायची रीत एका ओळीत सांगता येते: एखाद्याचा प्रकार गृहीत धरायचा, त्यातून काय काय निघतं ते पाहत जायचं, आणि कुठे विसंगती आली की ते गृहीतक फेकून द्यायचं. ओळ सोपी आहे, तरी उत्तरं चुकतात. माझ्या मते चुका तीन जागी होतात: खोट्या वाक्याचा अर्थ लावताना, सुरुवात कुठून करायची हे ठरवताना, आणि थांबायचं कधी हे ठरवताना. म्हणून या लेखात त्याच तीन जागांवर जास्त वेळ थांबणार आहे.

एक छोटं कोडं, पूर्ण सोडवून

अनंत आणि बाळू भेटतात. अनंत म्हणतो, "आम्हा दोघांत निदान एक जण लबाड आहे." बाळू गप्प राहतो.

अनंत लबाड आहे असं धरू. मग त्याचं वाक्य खोटं असलं पाहिजे. "निदान एक जण लबाड आहे" हे खोटं म्हणजे दोघांत एकही लबाड नाही. पण आत्ताच आपण अनंतला लबाड धरलं आहे. ही विसंगती, म्हणून अनंत लबाड असू शकत नाही.

आता तो सच्चा आहे हे पक्कं झालं. त्याचं वाक्य खरं, म्हणजे दोघांत निदान एक लबाड आहे. तो अनंत नाही, तेव्हा बाळूच. पडताळून पाहू: अनंत सच्चा, बाळू लबाड, आणि "निदान एक लबाड" हे वाक्य खरोखरच खरं. जुळलं.

इथे विसंगती म्हणजे नेमकं काय, हे एकदा नीट पाहून घ्यावं, कारण "हे काहीतरी विचित्र वाटतंय" म्हणजे विसंगती नव्हे. विसंगती दोनच रूपांत येते. एक तर एकाच माणसाला एकाच वेळी सच्चा आणि लबाड दोन्ही ठरवावं लागतं. नाहीतर सच्च्याच्या तोंडी खोटं वाक्य येतं किंवा लबाडाच्या तोंडी खरं. यांपैकी काहीही दिसत नसेल तर गृहीतक अजून जिवंत आहे. उत्तर मनाला पटत नाही, हे ते खोडायचं कारण होत नाही.

कागद कसा मांडायचा

तीन माणसांच्या कोड्यात एकूण शक्यता आठ असतात, चार माणसांच्या सोळा, पाचांच्या बत्तीस. सगळ्या लिहून तपासता येतात, पण गृहीतकाच्या रीतीने बहुधा दोन-तीन फाट्यांत काम भागतं. त्यासाठी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी. डावीकडे वर "धरू: अनंत सच्चा" असं लिहावं, उजवीकडे "धरू: अनंत लबाड". प्रत्येक बाजूला निघणारी गोष्ट तिच्या कारणासकट एकेका ओळीत लिहीत जावी, उदाहरणार्थ "बाळू लबाड, कारण अनंतचं वाक्य खरं."

रेघेचा उपयोग शिस्तीपुरता नाही. डाव्या बाजूला जे जे निघालं ते सगळं त्या बाजूच्या गृहीतकावर उभं असतं. डावी बाजू विसंगतीने कोसळली की तिच्यातली प्रत्येक ओळ रद्द होते. मात्र डोक्यातल्या डोक्यात सोडवताना "बाळू लबाड आहे" एवढं आठवतं आणि ते कुठल्या गृहीतकातून आलं होतं हे विसरून जातं. मग ती रद्द झालेली ओळ उजव्या बाजूला वापरली जाते आणि तिथेही खोटीच विसंगती दिसते. रद्द झालेल्या बाजूतून एकच गोष्ट पलीकडे न्यायची: तिचं गृहीतक चूक होतं, म्हणजे त्याच्या उलट खरं.

खोट्या वाक्याचा अर्थ

सच्च्याचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं असतं, त्यात अडचण नाही. लबाडाचं वाक्य उलटं करावं लागतं, आणि उलटं करणं म्हणजे नेमकं किती उलटं करणं, इथे घसरायला होतं. हे कोडं पाहा.

अनंत: "बाळू आणि चंदू दोघेही सच्चे आहेत."
बाळू: "अनंत लबाड आहे."

अनंत सच्चा धरला तर बाळू सच्चा ठरतो, आणि मग बाळूच्या बोलण्यावरून अनंत लबाड ठरतो. विसंगती. तेव्हा अनंत लबाड. आता घाईत असलेला माणूस म्हणतो: अनंत लबाड, त्याचं वाक्य खोटं, म्हणून बाळू आणि चंदू दोघेही लबाड. चूक इथेच झाली. "दोघेही सच्चे" हे खोटं ठरायला दोघांतला एक लबाड असला तरी पुरतं. बाळूने अनंतला लबाड म्हटलं आणि ते खरं निघालं, म्हणून बाळू सच्चा. मग अनंतचं वाक्य खोटं पाडायचं काम एकट्या चंदूवर येतं. चंदू लबाड. चंदू एक शब्दही बोलला नाही, तरी त्याचा प्रकार ठरला.

म्हणून लबाडाचं वाक्य उलटवताना त्यातला जोडशब्द बघायचा. "हे आणि ते" खोटं म्हणजे दोन्हींतलं निदान एक खोटं. कुठलं ते अजून कळलेलं नाही. "हे किंवा ते" खोटं म्हणजे दोन्ही खोटी, इथे सगळं एकदम कळतं. या कोड्यांत "किंवा"मध्ये दोन्ही खरं असण्याची मुभा असते, हे लक्षात ठेवावं. "सगळे लबाड" खोटं म्हणजे निदान एक सच्चा. "नेमका एक सच्चा" खोटं म्हणजे एकही नाही किंवा एकाहून जास्त.

"जर-तर"वर जरा थांबायला हवं. "बाळू लबाड असेल तर चंदूही लबाड आहे" हे वाक्य खोटं कधी ठरेल? बाळू खरोखर लबाड असून चंदू मात्र सच्चा असेल, तेव्हाच. बाळू सच्चा असेल तर अट लागूच होत नाही, आणि अट लागू होत नसलेलं वाक्य या कोड्यांत खरं मानतात. पहिल्यांदा हे खटकतं, पण वाक्याने वचन कशाचं दिलं आहे ते पाहावं. बाळू लबाड असल्यास काय, एवढंच ते सांगतं. बाळू लबाड नसेल तर मोडण्यासारखं वचनच उरत नाही.

आणखी एक गोष्ट प्रश्नपत्रिकांतल्या मजकुराबद्दल. "दोघेही सच्चे नाहीत" हे वाक्य आपण दोन्ही अर्थांनी वापरतो: एकही सच्चा नाही, किंवा दोघांतला निदान एक सच्चा नाही. असं वाक्य दिसलं की सोडवण्याआधी दोन्ही अर्थ बाजूला लिहून ठेवावेत. बऱ्याचदा एका अर्थाने कोड्याला एकच उत्तर येतं आणि दुसऱ्याने येत नाही, त्यावरून कोडं रचणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते उमगतं.

सुरुवात कुणापासून

पहिल्या नावापासून सुरुवात करायचा कुठलाही नियम नाही. जे गृहीतक एका झटक्यात जास्तीत जास्त माणसांचे प्रकार ठरवतं, तिथून सुरुवात करावी. वरच्या उलटवण्याच्या हिशेबातून याचा अंदाज लागतो. "आणि"चं वाक्य खरं धरलं तर दोन गोष्टी लगेच पक्क्या होतात, म्हणून ते बोलणारा सच्चा धरून निघावं. "किंवा" आणि "जर-तर" यांची वाक्यं खोटी धरली तर दोन गोष्टी पक्क्या होतात, म्हणून ती बोलणारा लबाड धरून निघावं. आकड्यांची वाक्यं, जशी "आमच्यात नेमका एक सच्चा आहे", सुरुवातीला फारशी उपयोगी पडत नाहीत. ती शेवटी तपासायला ठेवावीत.

आता तिघांचं कोडं.

अनंत: "बाळू लबाड असेल तर चंदूही लबाड आहे."
बाळू: "अनंत आणि चंदू एकाच प्रकारचे आहेत."
चंदू: "आम्हा तिघांत नेमका एक सच्चा आहे."

अनंतचं वाक्य जर-तरचं आहे, म्हणून त्याला लबाड धरून निघू. जर-तर खोटं, म्हणजे बाळू लबाड आणि चंदू सच्चा. एकाच पायरीत तिघांचेही प्रकार ठरले, आता उरलं तपासणं. बाळू म्हणतो अनंत आणि चंदू एकाच प्रकारचे. आपल्या मांडणीत एक लबाड आणि एक सच्चा आहे, म्हणजे त्याचं वाक्य खोटं, आणि बाळू लबाडच आहे. ठीक. चंदू म्हणतो नेमका एक सच्चा. तिघांत सच्चा एकटा चंदू, वाक्य खरं, आणि चंदू सच्चा आहे. हेही ठीक. अनंतचं वाक्य तर खोटं धरूनच निघालो होतो. कुठेही विसंगती नाही.

इथे पेन खाली ठेवायचा मोह होतो. पण अजून एवढंच कळलं आहे की हे उत्तर असू शकतं. हेच उत्तर आहे असं म्हणायला रेघेची दुसरी बाजूही तपासावी लागते.

तेव्हा आता अनंत सच्चा धरू. त्याचं वाक्य खरं, पण खऱ्या जर-तरमधून लगेच काही पक्कं होत नाही. म्हणून याच बाजूत आणखी एक फाटा काढावा लागेल, बाळूचा.

बाळू सच्चा धरला तर अनंत आणि चंदू एकाच प्रकारचे, म्हणजे चंदूही सच्चा. तिघेही सच्चे झाले. पण चंदू म्हणतो नेमका एकच सच्चा आहे. सच्च्याच्या तोंडी खोटं वाक्य आलं. विसंगती.

बाळू लबाड धरला तर अनंत आणि चंदू वेगळ्या प्रकारचे, म्हणजे चंदू लबाड. अनंतच्या वाक्याशी हे जुळतं, कारण बाळू लबाड आहे आणि चंदूही लबाड आहे. पण आता तिघांत सच्चा एकटा अनंत उरला. चंदूचं "नेमका एक सच्चा" हे वाक्य खरं ठरलं, आणि चंदू तर लबाड. लबाडाच्या तोंडी खरं वाक्य. विसंगती.

दोन्ही फाटे बंद झाले, म्हणून अनंत सच्चा असूच शकत नाही. आता ठामपणे म्हणता येतं: अनंत लबाड, बाळू लबाड, चंदू सच्चा, आणि दुसरं कुठलंही उत्तर नाही.

फाट्यात फाटा आला तेव्हा आपण काय केलं ते पाहा. आतल्या पहिल्या विसंगतीने फक्त "अनंत सच्चा असताना बाळू सच्चा" ही जोडी खोडली गेली. त्या क्षणी "बाळू सच्चा नाही" असं सरसकट लिहून टाकलं असतं तर ती चूक ठरली असती, मग शेवटी बाळू लबाडच निघाला तरीही. विसंगती आली की ती सगळ्यात आतल्या गृहीतकाला खोडते. बाहेरचं गृहीतक पडतं ते त्याच्या आतले सगळे फाटे बंद झाल्यावरच.

दोन्ही बाजू टिकल्या, किंवा दोन्ही पडल्या

दुसरी बाजू न तपासल्याने काय होतं, ते या साध्या जोडीतून दिसतं. अनंत म्हणतो, "बाळू सच्चा आहे," आणि बाळू म्हणतो, "अनंत सच्चा आहे." दोघेही सच्चे धरले तर सगळं जुळतं. दोघेही लबाड धरले तरी सगळं जुळतं, कारण दोघेही एकमेकांबद्दल खोटं बोलत आहेत. पहिल्या जुळणीवर थांबणारा "दोघेही सच्चे" असं लिहून मोकळा होतो. बरोबर उत्तर एवढंच की दोघे एकाच प्रकारचे आहेत, कोणत्या ते या वाक्यांवरून ठरत नाही. "ठरवता येत नाही" हे अशा कोड्याचं रास्त उत्तर आहे, आणि ते द्यायला दोन्ही बाजू पूर्ण झालेल्या असाव्या लागतात.

या जोडीतून एक कामाची गोष्ट हाती लागते. कुणी दुसऱ्याला सच्चा म्हणाला की ते दोघे एकाच प्रकारचे. कुणी दुसऱ्याला लबाड म्हणाला की दोघे वेगळ्या प्रकारचे: म्हणणारा सच्चा असेल तर दुसरा लबाड, म्हणणारा लबाड असेल तर वाक्य खोटं आणि दुसरा सच्चा. लांब कोड्यात अशी वाक्यं आधी शोधून जोड्या लावून घेतल्या तर फाट्यांची संख्या झपाट्याने कमी होते.

आता उलटी परिस्थिती. अनंत म्हणतो, "मी लबाड आहे." सच्चा धरला तर तो खोटं बोलला, लबाड धरला तर खरं बोलला. दोन्ही बाजू पडल्या. या बेटावर हे वाक्य कुणालाही उच्चारता येत नाही. त्यामुळे एखाद्या कोड्यात "बाळूने मला सांगितलं की तो लबाड आहे" असं कुणी म्हणालं, तर पुढचं काही न वाचताही सांगता येतं की म्हणणारा लबाड आहे. बाळूने तसं सांगितलेलं असणं शक्यच नाही. बाळू स्वतः कोण ते मात्र त्यावरून कळत नाही. दिलेल्या कोड्यात दोन्ही बाजू पडत असतील, तर आधी लबाडाची वाक्यं नीट उलटवली आहेत का ते बघावं. तिथे चूक नसेल तर कोडंच चुकीचं छापलेलं आहे.

माणूस नव्हे, वाक्य गृहीत धरायचं असतं तेव्हा

परीक्षांत बहुतेक वेळा बेट नसतं. "तिघांपैकी एकाने चोरी केली. तिघांच्या वाक्यांत नेमकं एक खरं आहे. चोर कोण?" असा प्रश्न येतो. इथे माणसांना कायमचा प्रकार नाही, म्हणून एकेक वाक्य खरं धरून बघायचं.

अनंत: "मी चोरी केली नाही."
बाळू: "चोरी अनंतने केली."
चंदू: "मी चोरी केली नाही."

चंदूचं वाक्य खरं धरू. मग बाकीची दोन खोटी. अनंतचं खोटं म्हणजे चोर अनंत, बाळूचं खोटं म्हणजे चोर अनंत नाही. विसंगती. मुळात अनंत आणि बाळू यांची वाक्यं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, त्यांतलं एक खरं असणारच. एकच खरं वाक्य त्या जोडीत खर्च झालं, म्हणून चंदूचं खोटं, आणि चोर चंदू. पडताळणी: चोर चंदू असेल तर अनंतचं खरं, बाळूचं खोटं, चंदूचं खोटं. नेमकं एक खरं, जुळलं. या प्रकारच्या प्रश्नात सगळ्यात आधी अशी एकमेकांना छेदणारी जोडी शोधावी. पण जोडी पूर्ण उलट आहे ना, हे तपासून घ्यावं. "चोर अनंत" आणि "चोर बाळू" ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात. त्यामुळे ती तशी जोडी नव्हे.

तिसऱ्या प्रकारचा माणूस आला तर

काही कोड्यांत तिसरा प्रकार येतो: लहरी माणूस. तो कधी खरं बोलतो, कधी खोटं. तो आला की रीतीचा निम्मा भाग बंद पडतो. वाक्य खोटं निघालं म्हणून बोलणारा लबाडच, असं आता म्हणता येत नाही, तो लहरीही असू शकतो. लहरी माणसाच्या वाक्याने कधीच विसंगती येत नाही, म्हणून त्याला धरून निघालं तर काहीच खोडलं जात नाही. विसंगती फक्त सच्चा किंवा लबाड धरल्यावरच येते, तेव्हा "हा काय असू शकत नाही" हा प्रश्न आधी विचारावा.

समजा तिघांत एक सच्चा, एक लबाड आणि एक लहरी आहे.

अनंत: "मी सच्चा नाही."
बाळू: "चंदू लबाड आहे."
चंदू: "बाळू लहरी आहे."

अनंत सच्चा धरला तर सच्चा माणूस खोटं बोलला. लबाड धरला तर लबाड माणूस खरं बोलला, कारण लबाड खरोखरच सच्चा नसतो. दोन्ही गेलं, म्हणून अनंत लहरी. दोन प्रकारांच्या बेटावर जे वाक्य कुणालाच बोलता येत नव्हतं, ते इथे लहरी माणसाची ओळख पटवून देतं. लहरीची जागा भरली, म्हणजे बाळू लहरी नाही. चंदूचं वाक्य खोटं, आणि तो लहरी नसल्याने लबाड. उरलेला बाळू सच्चा, आणि त्याचं "चंदू लबाड आहे" हे वाक्य खरं आहे.